आठवडेच्या आठवडे फक्त चॅट: समोरच्याला अवघडल्यासारखे न होता फोनवर बोलणे कसे सुचवावे

डेटिंग ॲपवर मॅच झाल्यानंतर तीन-चार आठवडे रोज लिहून गप्पा चालू आहेत, समोरची व्यक्ती मोकळेपणाने लिहिते, पण ‘फोन करू का?’ असे विचारले की विषय बदलते किंवा त्या रात्रीपुरती गप्प होते, अशी परिस्थिती नाशिकसारख्या शहरात फार जणांच्या वाट्याला येते. ॲपवर नवीन असलेला माणूस यातून दोनपैकी एक अर्थ काढतो: एक तर प्रोफाइल खोटे आहे, नाही तर आपल्यात रस नाही. क्वचित ते खरेही असते. पण मी ज्यांना या बाबतीत जवळून पाहिले आहे आणि सल्ला दिला आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत कारण तिसरेच निघाले आणि ते विचारण्याच्या पद्धतीशी जोडलेले होते. म्हणून हा लेख एवढ्याच मुद्द्यावर आहे.

एका उदाहरणाच्या आधाराने पुढे जाऊ. अंबडच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीत काम करणारा, इंदिरानगरात दोन मित्रांसोबत भाड्याने राहणारा अठ्ठावीस वर्षांचा मुलगा आणि कॉलेज रोडवर एका हिशेबतपासनिसाच्या ऑफिसात काम करणारी, नाशिक रोडला आई-वडील आणि धाकट्या भावासोबत राहणारी सव्वीस वर्षांची मुलगी. दोघांची ओळख ॲपवर झाली. तीन आठवडे उत्तम गप्पा झाल्या. या काळात त्याने तीन वेळा, तिन्ही वेळा रात्री पावणेदहाच्या सुमारास, गप्पा रंगात आल्या असताना ‘कॉल करू का आत्ता?’ असे विचारले. तिन्ही वेळा ती ऑफलाइन गेली आणि सकाळी ‘काल झोप लागली’ असे उत्तर आले. तिसऱ्या सकाळी तो माझ्याकडे आला, तेव्हा त्याने प्रोफाइल खोटेच आहे असे मनाशी ठरवून टाकले होते.

आधी नकाराचे कारण ओळखा

पहिली पायरी म्हणजे कॉल सुचवणे नव्हे, तर समोरच्याचे घर आणि दिवस नजरेसमोर आणणे. वन बीएचकेच्या घरात रात्री पावणेदहाला टीव्ही चालू असतो, वडील हॉलमध्ये असतात, भाऊ त्याच खोलीत अभ्यास करत असतो. अशा ठिकाणी लिहिता येते, कारण लिहिण्याला आवाज नसतो. बोलायचे म्हटले की गच्चीवर जावे लागते आणि रात्री दहाला गच्चीवर का गेलीस, याचे उत्तर द्यावे लागते. पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्यांचीही हीच अडचण असते, फक्त वडिलांच्या जागी खोलीतल्या मैत्रिणी असतात. म्हणजे ती व्यक्ती तुमच्याशी बोलायला नाही म्हणत नसून त्या वेळेला आणि त्या जागेला नाही म्हणत असते. हे कारण ती सहसा लिहून सांगत नाही, कारण ‘घरी चालत नाही’ हे सांगताना आपल्याकडे बहुतेकांना कमीपणा वाटतो.

दुसरे कारण आवाजाचे आणि बोलीचे असते आणि त्याची दखल फार कमी जण घेतात. सटाणा, कळवण, मालेगाव या भागांतून नोकरीसाठी शहरात आलेले कितीतरी जण घरी अहिराणी बोलतात. चॅटवर ते नेटके प्रमाण मराठी किंवा इंग्रजी लिहितात, कारण लिहिताना वाक्य पुन्हा वाचता येते आणि खोडता येते. फोनवर ती सोय नाही. गंगापूर रोडच्या मुलामुलींसारखे आपल्याला बोलता येणार नाही आणि तीन आठवड्यांत झालेले चांगले मत एका वाक्यात बदलेल, ही भीती खरी असते. जे अडखळत बोलतात, ज्यांना अनोळखी माणसाशी फोनवर बोलताना घाम फुटतो, त्यांचेही असेच असते.

तिसरे कारण नंबरचे आहे. बहुतेकांना ‘कॉल’ म्हटले की ‘नंबर द्यावा लागणार’ असेच वाटते आणि आपल्याकडे मोबाइल नंबर देणे म्हणजे केवळ दहा आकडे देणे नसते. तो नंबर यूपीआयला जोडलेला असेल, तर कोणत्याही पेमेंट ॲपमध्ये टाकताच बँकेतले नाव बऱ्याचदा आडनावासकट समोर येते. ॲपवर केवळ पहिले नाव ठेवणाऱ्या मुलीच्या दृष्टीने हे मोठे पाऊल आहे, कारण आडनावावरून आपल्याकडे गाव, जात, नातेवाईक इथपर्यंत माग काढता येतो. व्हॉट्सॲपवरचा फोटो आणि कॉल कोणाचा आला ते दाखवणाऱ्या ॲपमधले नाव हे आणखी वेगळे. नकारामागे हे कारण असेल, तर ‘विश्वास नाही का?’ असे विचारल्याने काहीही साधत नाही. नंबर न लागणारा मार्ग सुचवल्याने मात्र ताण लगेच कमी होतो.

चौथे कारण सोपे आहे: ती व्यक्ती आधीच कोणाशी तरी बांधलेली आहे. केवळ ऑफिसच्या वेळेत लिहिणारी आणि रविवारी पूर्ण गप्प असणारी व्यक्ती पाहिली की असा संशय येतो. परंतु एकत्र कुटुंबात राहणाऱ्या अविवाहित मुलीचे वेळापत्रकही हुबेहूब असेच दिसते. त्यामुळे वेळापत्रकावरून निष्कर्ष काढू नका. शंका असेल तर ‘तुम्ही सध्या कोणासोबत नात्यात आहात का?’ असा प्रश्न सरळ आणि एकदाच विचारा.

अचानक कॉल कधीही करू नका

‘आधी लावून बघतो, नाही उचलला तर नाही’ हा विचार मनातून काढून टाका. जेवताना ताटाशेजारी ठेवलेला फोन थरथरतो, स्क्रीनवर तुमचे नाव चमकते आणि ते आईला दिसते. पुढचे दोन दिवस त्या घरात काय होते, ते तुम्हाला कळतही नाही. मिस्ड कॉलचाही परिणाम तोच होतो. रंगात आलेल्या गप्पांमध्ये ‘आत्ता करू का?’ असे विचारणेही याच जातीचे आहे, कारण उत्तर त्याच मिनिटाला द्यायचे असते आणि घाईत दिलेले उत्तर नेहमी ‘नको’ असते. आमच्या उदाहरणातल्या मुलाने तिन्ही वेळा नेमके हेच केले होते.

मधली पायरी: व्हॉइस नोट

लिहिण्यापासून थेट कॉलपर्यंतची उडी अनेकांना मोठी वाटते, म्हणून मधे एक पायरी ठेवावी. वीस ते तीस सेकंदांची व्हॉइस नोट आधी तुम्ही पाठवा आणि तिच्यात एखादी ठोस गोष्ट असू द्या. त्या मुलाने पहिली नोट एका सकाळी कारखान्याच्या गेटबाहेर, चहाच्या टपरीवरून पाठवली. तिने आदल्या दिवशी विचारले होते की पहिल्या पाळीला उठणे कसे जमते. त्याने लिहून उत्तर देण्याऐवजी पंचवीस सेकंद बोलून दिले, मागे कपबशांचा आवाज येत होता. सोबत एक ओळ लिहिली: ‘इयरफोन असतील तेव्हाच ऐका, घाई नाही, उत्तर लिहून दिलं तरी चालेल.’ ही ओळ महत्त्वाची आहे, कारण घरात स्पीकरवर पुरुषाचा आवाज घुमण्याचा धोका त्या ओळीने टळतो आणि नोटेची परतफेड नोटेनेच करण्याचे दडपणही राहत नाही.

व्हॉइस नोटचा फायदा असा की ती पुन्हा रेकॉर्ड करता येते, त्यामुळे बोलीबद्दल किंवा अडखळण्याबद्दल संकोच असणाऱ्याला ती सोयीची पडते. तिची मर्यादाही लक्षात घ्या. नोट साठून राहते आणि कोणालाही पुढे पाठवता येते, म्हणून काही जण, विशेषतः ज्यांचे चॅट आधी कोणी तरी मित्रांत फिरवले आहे असे लोक, कॉलला तयार होतात पण नोटेला नाही. दोन-तीन नोटा पाठवूनही उत्तर लिहूनच येत असेल, तर नोटांचा मारा करू नका. तुमचा आवाज समोरच्याच्या ओळखीचा झाला, एवढे काम झालेले असते.

विचारण्याचा मजकूर

व्हॉइस नोटनंतर साधारण चार-पाच दिवसांनी विचारावे. वेळ अशी निवडा की समोरची व्यक्ती निवांत लिहीत असते, पण कॉल मात्र त्या दिवशीचा नसून दोन-तीन दिवसांनंतरचा असावा. त्या मुलाने शेवटी पाठवलेला मजकूर असा होता:

‘आपण तीन आठवडे लिहून बोलतोय आणि मला ते मनापासून आवडतंय, ते तसंच चालू राहू दे. एकदा दहा मिनिटं आवाजात बोलायलाही आवडेल. ॲपमधूनच कॉल होतो, नंबर द्यायची गरज नाही. गुरुवारी किंवा शनिवारी, तुम्ही घरी नसाल अशी एखादी वेळ असेल तर सांगा, मी त्याप्रमाणे जुळवून घेईन. नको वाटत असेल तर नुसतं ‘नको’ लिहा, मी कारण विचारणार नाही. आणि आधी रात्री अचानक विचारत होतो, ते चुकलं माझं.’

यातले प्रत्येक वाक्य एका विशिष्ट भीतीसाठी आहे. लिहिणे चालू राहील असे सांगितल्याने कॉल म्हणजे परीक्षा ठरत नाही. दहा मिनिटे म्हटल्याने शेवट दिसतो. शेवट न दिसणाऱ्या फोनची भीती अधिक असते, कारण तो मध्येच ठेवणे असभ्य वाटते. नंबरचा उल्लेख समोरच्याने काढण्याआधी तुम्ही काढता. ‘घरी नसाल अशी वेळ’ या चार शब्दांत तुम्हाला तिच्या घरची अडचण समजली आहे हे तिला न विचारता कळते आणि वेळ ठरवणे तिच्या हातात राहते. ‘नको’ म्हणण्याची वाट मोकळी ठेवली की लोक गप्प होण्याऐवजी बोलतात. एक पथ्य मात्र पाळा: कारण विचारणार नाही असे लिहिले असेल, तर नकार आल्यावर खरोखरच विचारू नका.

‘तुमचा आवाज कसा आहे ते ऐकायचंय’ हे वाक्य टाळा. ते लिहिणाऱ्याला गोड वाटते, पण ज्याला आपल्या आवाजाचा किंवा बोलीचा संकोच आहे, त्याच्यावर ते नेमके त्याच जागी बोट ठेवते.

या मजकुराला तिचे उत्तर आले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. शनिवारी ऑफिस अर्धा दिवस असते, दोन वाजता सुटते, त्यानंतर कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर बसून बोलता येईल, पण अडीचला घरी जायची बस पकडायची आहे, असे तिने लिहिले. म्हणजे कॉलला तिची ना नव्हती. तीन आठवड्यांत तिला विचारणे आले, ते फक्त तिला न जमणाऱ्या वेळी.

कॉल कोणत्या मार्गाने करावा

काही डेटिंग ॲपमध्ये मॅच झालेल्यांना ॲपमधूनच आवाजी कॉल करण्याची सोय असते. बंबलमध्ये ती आहे. तुमच्या ॲपमध्ये चॅटच्या वरच्या बाजूला फोनचे किंवा कॅमेऱ्याचे चिन्ह दिसते का, ते आधी पाहून ठेवा. हा मार्ग पहिल्या कॉलसाठी सर्वांत चांगला, कारण अनमॅच केले की तो तिथेच बंद होतो.

ॲपमध्ये सोय नसेल तर टेलिग्राम हा दुसरा मार्ग आहे, कारण तिथे युजरनेमवरून कॉल करता येतो. पण आधी दोघांनीही Settings मधल्या Privacy and Security मध्ये जाऊन Phone Number या पर्यायाखाली Nobody निवडले पाहिजे, नाहीतर नंबर दिसण्याची शक्यता राहते. इन्स्टाग्रामवरूनही नंबराशिवाय कॉल होतो, पण तिथे फोटो, मित्र आणि कॉलेजचे ग्रुप असे सारेच उघडे पडते, त्यामुळे ज्यांनी ॲपवर आपली ओळख जपली आहे, त्यांच्यासाठी तो नंबर देण्यापेक्षा फारसा वेगळा नाही. व्हॉट्सॲपसाठी नंबर लागतोच. तो मागू नका. समोरच्याने आपणहून दिला तर घ्या.

आदल्या दिवशी माइकची परवानगी चालू आहे ना हे तपासा. पहिल्यांदा कॉल लावताना ॲप परवानगी मागते, त्या गोंधळात पहिला कॉल कापला जातो आणि आधीच बिचकलेल्या व्यक्तीला तेवढे निमित्त पुरते.

ती दहा मिनिटे

ठरलेल्या वेळेला आधी ‘आत्ता चालेल ना?’ असा एक मेसेज पाठवा आणि उत्तर आल्यावरच कॉल लावा. कोणी आले तर काहीही न सांगता फोन ठेवला तरी चालेल, हेही आधीच ठरवून ठेवा. त्या शनिवारी सातव्या मिनिटाला ती मुलगी एकदम ‘हो मॅडम, सोमवारी सकाळी फाइल देते’ असे म्हणाली आणि फोन बंद झाला. शेजारच्या सोसायटीतल्या काकू ट्रॅकवर दिसल्या होत्या. आधी ठरलेले असल्यामुळे त्याने परत फोन लावला नाही, मेसेजही केला नाही. वीस मिनिटांनी बसमधून तिचाच मेसेज आला.

सुरुवातीला ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’ हा प्रश्न मराठीत हमखास येतो. चॅटवर तुम्ही ‘तू’पर्यंत आला असलात, तरी आवाजात तो शब्द पहिल्यांदा उच्चारताना दोघांनाही अवघड होते. पहिल्या मिनिटात ‘आपण लिहितो तसं तूच म्हणूया ना?’ असे विचारून टाकावे. आमच्या उदाहरणात ते ‘तुम्ही’च होते आणि पहिल्या कॉललाही तसेच राहिले. विषय चॅटमधलाच अर्धवट राहिलेला घ्या. ‘आणखी काय?’ हा प्रश्न फोनवर सर्वांत जड असतो, कारण लिहिताना त्यावर विचार करायला पाच मिनिटे मिळतात, बोलताना दोन सेकंद. शांतता पडली तर पडू द्या. समोरची व्यक्ती अहिराणी वळणाचे बोलली किंवा एखाद्या शब्दावर अडखळली तर त्यावर काहीच म्हणू नका, कौतुकही नको. दहा मिनिटे झाली की गप्पा कितीही चांगल्या चालू असोत, तुम्ही स्वतः थांबा, कारण पुढच्या वेळी दहा मिनिटे म्हटल्यावर ती दहाच मिनिटे असतील हे त्यातूनच पटते. कॉल रेकॉर्ड करू नये हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो, कारण काही फोनमध्ये सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होण्याची सेटिंग चालू असते आणि मालकाच्या ते लक्षातही नसते.

उत्तर ‘नको’ आले किंवा आलेच नाही तर

‘या आठवड्यात नाही, पुढच्या महिन्यात परीक्षा झाल्यावर’ हा नकार नव्हे. त्यात पर्याय आहे, तो धरून ठेवा. नुसते ‘नको’ आले तर ‘ठीक आहे’ लिहून खरोखर आधीच्या विषयावर या आणि पुढचे दोन-तीन आठवडे कॉलचा शब्द काढू नका. त्या काळात तुमच्या लिहिण्यात तुटकपणा आला, तर मजकुरातले पहिले वाक्य खोटे होते असाच अर्थ निघेल.

दुसऱ्यांदा विचारताना मार्ग बदला. काही जणांना फोन नकोसा असतो, पण प्रत्यक्ष भेटणे चालते, कारण समोर चेहरा असला की बोलणे सोपे जाते. अशांना गंगापूर रोडवरच्या एखाद्या गजबजलेल्या कॅफेत दुपारी अर्धा तास किंवा रविवारी सकाळी मिसळ असे सुचवा. कॉल हा स्वतः मुक्काम नाही. लिहिण्याच्या पडद्याबाहेर ही व्यक्ती कशी आहे हे कळणे एवढाच त्याचा उपयोग, आणि तो भेटीतूनही होतो.

दोन वेळा, वेगवेगळ्या मार्गांनी विचारूनही काहीच पुढे सरकत नसेल, तर तिसऱ्यांदा विचारू नका, स्वतःबद्दल सांगा: ‘मला फक्त लिहून फार पुढे जाता येत नाही, हा माझा स्वभाव आहे. तुम्हाला लिहिणंच सोयीचं असेल तर त्यात तुमचं काही चुकत नाही, पण मग मी इथे थांबेन.’ हे धमकीसारखे वाटू नये यासाठी ते एकदाच लिहावे आणि तसेच वागावे.

खोटे प्रोफाइल वेगळ्या खुणांनी ओळखू येते. केवळ कॉलला नकार ही खूण नाही. कॉलही नको, भेटही नको, माइक आणि कॅमेरा कायमचे बिघडलेले, आणि त्याच वेळी गुंतवणुकीचा सल्ला, कस्टममध्ये अडकलेले पार्सल किंवा तातडीची उसनवारी अशी पैशांची गोष्ट निघाली, तर बोलणे तिथेच थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. याच्या उलट, कॉल झाला म्हणजे माणूस खरा, असेही धरू नका. फसवणारेही फोनवर गोड बोलतात आणि आवाज बदलण्याची साधने आज सहज मिळतात. कॉल चांगला झाला तरी पहिली भेट चार माणसांत आणि दिवसाउजेडीच ठेवा.

त्या दोघांचा दुसरा कॉल पुढच्या शनिवारी झाला. या वेळी वेळ तिने आधी सुचवली, जागा बदलली आणि दहा मिनिटे संपल्यावर त्याने बोलणे आवरते घ्यायला सुरुवात केली, तेव्हा तिची बस अजून आलेली नव्हती.